मुलाखतीचं बोलावणं

समजा, चाकणच्या एका मध्यम कारखान्याला लेखा विभागात सहायक हवा आहे. आलेल्या अर्जांतून आठ जण निवडले गेले आणि ऑफिसातल्या कुणीतरी सगळ्यांना एकच ओळ धाडली : ‘आपली मुलाखत 14 तारखेला सकाळी आहे, सर्व कागदपत्रांसह उपस्थित राहावे.’ मग फोन सुरू होतात. सकाळी म्हणजे किती वाजता? कारखान्यात यायचं की पुण्याच्या ऑफिसात? सर्व कागदपत्रं म्हणजे नेमकी कुठली? आठातले दोघेतिघे विचारायलाच संकोचतात आणि अंदाजाने येतात. त्यातला एखादा चुकीच्या पत्त्यावर पोचतो.

पत्रात आधी पदाचं नाव हवं, कारण उमेदवाराने अर्ज दहा ठिकाणी केलेला असतो. मग वेळ : ‘मंगळवार, 14 जुलै 2026, सकाळी 11.30’. वार मुद्दाम लिहावा. तारखेचा आकडा टाइप करताना चुकला, तर वार जुळत नाही आणि चूक पत्र जाण्याआधीच सापडते. आठही जणांना दहाला बोलावून बाकावर बसवायची रीत अजून बरीच दिसते. वीस मिनिटं बोलणं आणि दहा मिनिटं टिपणं धरली, तर एकेकाला अर्धा तास पुरतो. जेवणाआधी चौघे, दोननंतर चौघे. शेवटच्याला साडेतीनची वेळ दिली, तर त्याचे साडेपाच तास वाचतात. तो नोकरीत असेल तर अर्ध्या रजेत काम भागतं. पालख्या पुण्यात असताना मुलाखती ठेवू नयेत, हे खरं तर सांगायलाही नको.

ठिकाण लिहिताना पत्ता पुरत नाही. कारखान्याच्या गेटवर ओळखपत्र दाखवून पास घ्यावा लागतो आणि सिक्युरिटीवाला ‘कुणाला भेटायचंय?’ म्हणून विचारतो. ते नाव पत्रात असावं, आणि आठ जणांची यादी आदल्या संध्याकाळी गेटवर पोचलेली असावी. मुलाखत ऑनलाइन असेल, तर लिंकशेजारी एक फोन नंबरही द्यावा आणि लाइन तुटली तर किती वेळ वाट पाहू तेही लिहावं. उमेदवार दुबईत असेल, तर ‘भारतीय वेळेनुसार 11.30, दुबईत सकाळी 10’ असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

खरा घोळ होतो कागदपत्रांत. जुन्या पत्रातली यादी तशीच उचलली जाते आणि तिच्यात ‘आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर’ असतं. जो माणूस अजून नोकरीत आहे, त्याने ते आणायचं कुठून? राजीनामा देऊन सुटल्यावरच ते मिळतं. त्याच्याकडे सध्याचं नेमणूकपत्र आणि गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागाव्यात. रिलीव्हिंग लेटर कामावर रुजू होताना बघता येतं. तसंच पदवीचं. यंदा बी.कॉम. झालेल्या मुलीला पदवी प्रमाणपत्र पदवीदानानंतर मिळणार, म्हणून ‘शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र चालेल’ ही अर्धी ओळ जोडायला हवी. नाहीतर ती मुलगी येतच नाही. लग्नानंतर नाव बदललं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागते, हेही आधीच कळवावं.

मूळ प्रती फक्त पाहून परत द्यायच्या असतात, ठेवून घ्यायच्या त्या झेरॉक्स. पत्रात हे दोन्ही वेगवेगळं लिहावं. उमेदवाराने स्वतः सही केलेल्या प्रती चालत असतील तर तसं सांगावं, म्हणजे तो राजपत्रित अधिकाऱ्याच्या शोधात दिवस घालवणार नाही. आधारची प्रत हवीच असेल, तर पहिले आठ आकडे झाकलेली पुरते. आणि पैसे? कुठलंही शुल्क वा अनामत नाही, असं एक वाक्य पत्रात असावं, कारण नोकरीच्या नावाने पैसे उकळणारी बनावट पत्रंही फिरतात.

वेळ बदलून देण्याबद्दल बहुतेक पत्रं गप्प असतात, नाहीतर ‘बदल होणार नाही’ असं दरडावतात. दोन्हींचा परिणाम एकच होतो : अडचणीत असलेला माणूस न कळवता गैरहजर राहतो. चाकणच्या पत्रात असं लिहिता येईल : ‘या वेळेला येणं शक्य नसल्यास शुक्रवार, 10 जुलैला सायंकाळी 5 पर्यंत याच ईमेलवर कारण कळवावे. गुरुवार, 16 जुलैला सकाळी 10 आणि 10.30 या दोन वेळा राखून ठेवल्या आहेत. बदल एकदाच करता येईल. आमचं उत्तर येईपर्यंत मूळ वेळच कायम समजावी.’

यातलं शेवटचं वाक्य अनेकदा राहून जातं. मग उमेदवार मेल पाठवतो आणि बदल झालाच असं धरून घरी थांबतो. इकडे मेल कुणी उघडलेला नसतो आणि साडेअकराला त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागते. शिवाय मुदतीनंतर, अगदी त्याच सकाळी घरात कुणी दवाखान्यात दाखल झालं, तर ईमेलचा उपयोग नाही. त्यासाठी गेटच्या यादीत ज्याचं नाव आहे, त्याचाच मोबाइल नंबर पत्राच्या तळाशी द्यावा आणि त्या दिवशी तो उचलावा.