बिलाआधीचं उत्पन्न : महिनाअखेरच्या एका नोंदीचा मागोवा

ठेकेदारी कामांसाठीच्या एएस 7 या लेखामानकात 1983 साली एक मुभा होती : काम पूर्ण झाल्यावरच उत्पन्न दाखवलं तरी चालत असे. 2002 मध्ये ते सुधारलं आणि 1 एप्रिल 2003 पासूनच्या करारांना कामाच्या प्रगतीप्रमाणे उत्पन्न धरणं बंधनकारक झालं. छोट्या ठेकेदारांच्या वह्यांत मात्र पुढेही बरीच वर्षं बिल पास होईल त्या दिवशीच उत्पन्न चढत राहिलं. मजुरी आणि पाइपचा खर्च मार्चमध्ये, बिल एप्रिलमध्ये. मग मार्च तोट्यात दिसे आणि एप्रिलला अवाजवी नफा.

आज ही नोंद कशी होते ते एका नमुन्यावरून पाहू. खासगी कारखान्याच्या पाइपलाइनचं काम, दर मीटरला 2,500 रुपये. त्यातले 90 टक्के पाइप टाकून जोडल्यावर आणि 10 टक्के पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्यावर मिळायचे. 31 मार्चला साइट इंजिनिअरची मोजणी 1,300 मीटर, आरए बिलं झाली 900 मीटरची. उरलेल्या 400 मीटरची चाचणी झालेली नाही, म्हणून 10 लाख न धरता 9 लाखच धरायचे. खड्ड्याशेजारी रचलेले पाइप यात येत नाहीत; तो अजून साठाच आहे. ‘अनबिल्ड रेव्हेन्यू’ नावे, कंत्राटी उत्पन्न जमा. याच 400 मीटरसाठी राबलेल्या उपठेकेदाराचं बिल आलं नसेल, तर त्याचीही तरतूद त्याच दिवशी हवी. ती राहिली की नफा फुगतो, आणि माझ्या पाहण्यात सर्वाधिक राहून जाते ती हीच.

1 एप्रिलला नोंद उलटवायची. समजा, 18 तारखेला बिल निघालं, पण मोजमाप पुस्तकात ग्राहकाच्या इंजिनिअरने 360 मीटरच मान्य केले. बिल 8,10,000 चं, त्यावर 18 टक्के जीएसटी. एप्रिलच्या उत्पन्नात उणे 90,000 दिसतील. हा फरक लपवू नये. तो दर महिन्याला एकाच दिशेने येत असेल, तर साइटवरची मोजणी सैल आहे. उलट नोंद विसरली तर तेच काम दोनदा उत्पन्नात येतं आणि अनबिल्डचं खातं हलतच नाही.

2017 मध्ये जीएसटी आला आणि या खात्याकडे करखात्याचंही लक्ष गेलं. बिल कराराप्रमाणे वेळेत निघणार असेल, तर 31 मार्चच्या या नोंदीवर कर लागत नाही. पण पुस्तकातली आणि विवरणातली उलाढाल जुळवणाऱ्या जीएसटीआर-9सी मध्ये वर्षारंभीच्या आणि वर्षअखेरच्या अनबिल्ड रकमेसाठी वेगळ्या ओळी आहेत. तिथे कामवार यादी लागते, अंदाजाचा गोळाबेरीज आकडा टिकत नाही.

म्हणून लेखापालांना आग्रहाची विनंती : ही रक्कम विक्रीच्या उद्दिष्टावरून काढू नका, सही केलेल्या मोजणीवरूनच काढा, आणि तीन महिन्यांहून जुनी प्रत्येक ओळ ग्राहकाला लेखी विचारल्याशिवाय पुढे ओढू नका.