ऑफर आली, पण विचाराला वेळ हवाय

गैरसमज : वेळ मागितला की ऑफर जाते.

कायद्याने तरी तसं होत नाही. भारतीय करार कायदा, 1872 नुसार प्रस्ताव संपण्याची कारणं ठरलेली आहेत: देणाऱ्याने तो मागे घेतला, मुदत उलटली, वगैरे. 'दोन दिवस द्या' असं विचारल्याने तो संपत नाही. मात्र 'मान्य आहे, पण पगार वाढवा' हा कायद्याच्या भाषेत होकार नव्हे, कारण होकार बिनशर्त असावा लागतो. म्हणून वेळेची मागणी आणि पगाराची घासाघीस एका वाक्यात मिसळू नये. आणखी एक गोष्ट उमेदवाराच्या सोयीची नाही. तुम्ही होकार देईपर्यंत कंपनीला प्रस्ताव मागे घेता येतो, मुदत वाढवून दिलेली असली तरी. व्यवहारात तसं सहसा करत नाहीत, कारण निवडीच्या सगळ्या फेऱ्या पुन्हा कोणाला हव्या असतात?

गैरसमज : उशीर झाला की कंपनीचा रस कमी होतो.

एचआरला धास्ती असते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्याकडे साठ-नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड सर्रास असतो. उमेदवार आज हो म्हणतो, नोटीस काळात तीच ऑफर दाखवून दुसरीकडून वाढीव आकडा घेतो आणि जॉइनिंगच्या आदल्या दिवशी फोन उचलत नाही. जागा तीन महिने अडकून रिकामीच राहते. या हिशेबात चार दिवसांचा उशीर किरकोळ आहे. खुपतं ते मौन. तुम्ही गप्प बसलात की एचआर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला चाचपायला लागते, कारण तोही फार दिवस थांबणार नसतो. त्यामुळे 'जरा विचार करून सांगतो' हे सर्वांत वाईट उत्तर. 'बुधवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही सांगतो' हे चांगलं, कारण त्यात तारीख आहे.

समजा, पुण्यातल्या एका डिझाइन इंजिनियरला गुरुवारी संध्याकाळी ऑफरची मेल आली आणि शनिवारपर्यंत उत्तर मागितलं. दुसऱ्या कंपनीतली तिची शेवटची फेरी मंगळवारी आहे. तिने शुक्रवारी सकाळीच फोन करावा, शनिवारी संध्याकाळी नव्हे. मुदत संपता संपता आलेली विनंती सबबीसारखी वाटते.

बोलणं साधारण असं : 'मॅडम, ऑफर मिळाली, थँक यू. टीमशी बोलून काम आवडलंय. मंगळवारी माझी एक फेरी आधीच ठरलेली आहे, ती पूर्ण करून बुधवारी दुपारी बारापर्यंत नक्की उत्तर देते. चालेल का? दरम्यान व्हेरिएबल पे किती आणि कधी मिळतो, तेवढं सांगाल?'

फोनवरची बाई हा निर्णय बहुधा एकटी घेत नाही, तिला हायरिंग मॅनेजरला विचारावं लागतं. म्हणून तिला जसंच्या तसं पुढे पाठवता येईल असं काहीतरी द्यायचं. फोननंतर लगेच तीन ओळींची मेल करावी : काम आवडलं, तारीख अमुक, कारण हे.

समजा, मॅनेजरने सोमवार संध्याकाळपर्यंतच वेळ दिला. मग तिने दुसऱ्या कंपनीला फोन करावा : 'माझ्याकडे एक ऑफर आहे, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. माझी फेरी सोमवारी सकाळी घेता येईल का?' हा फोन बरेच जण करतच नाहीत. खरं तर हातात ऑफर असलेल्या उमेदवारासाठी फेरी अलीकडे घेणं कंपन्यांना वावगं वाटत नाही. तेही जमलं नाही, तर दुसऱ्या कंपनीला तिची किती गरज आहे हे तिला कळलं.

गैरसमज : दुसऱ्या मुलाखतीचा उल्लेख करू नये, घरचं कारण सांगावं.

चालू फेरीबद्दल ऐकून एचआरला धक्का बसत नाही. कंपनीचं नाव किंवा आकडा मात्र सांगू नये; आकडा काढला की ते बोली लावल्यासारखं होतं. घरच्यांशी खरंच बोलायचं असेल, गाव सोडून जायचं असेल, तर ते कारण चोख आहे. नसलेलं आजारपण सांगू नये. पुढच्या फोनवर 'आई कशी आहे?' असं विचारलं तर काय?

गैरसमज : आत्ता हो म्हणावं, नंतर बघू.

वेळ मागण्याने नातं बिघडत नाही, ते याने बिघडतं. होकार येताच कंपनी बाकीच्यांना नकार कळवते. कॅम्पसवर तर प्लेसमेंट सेलचे नियम वेगळे असतात. अनेक कॉलेजांत एक ऑफर घेतली की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही, तेव्हा ते आधी विचारावं.

वाढवून घेतलेली मुदत पुन्हा वाढवून मागू नये. दुसऱ्या विनंतीवर विश्वास बसत नाही. आणि 'आज रात्रीपर्यंत, नाहीतर नाही' असं कोणी म्हटलं, तर संपूर्ण पगाराची फोड, बाँड आणि नोटीसची अट तरी त्याच दिवशी लेखी मागून घ्यावी. तेवढंही द्यायला तयार नसतील, तर सही करण्याची घाई त्यांना का आहे हे विचारायला हवं.