लघवी झाली की बरं वाटतं

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: ‘उन्हाळी लागली.’ मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, लिंबू सरबत, कोकम सरबत असे घरगुती उपाय सुरू होतात. बहुतेकांना दोन-चार दिवसांत उतार पडतो. नाही पडला, तर फॅमिली डॉक्टर अँटिबायोटिकचा कोर्स देतात आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. मात्र काही जणांचं, त्यातही बायकांचं, असं भागत नाही. कोर्स होतो, महिन्याभरात तेच दुखणं परत येतं, पुन्हा कोर्स होतो. आणि मधल्या काळात घरचे प्रेमानं हातात देत असलेला लिंबू सरबताचा ग्लासच कधी कधी दुखणं वाढवत असतो.

या दुखण्याचं नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘आयसी’ किंवा ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ म्हणतात. ते ओळखण्यासाठी एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. ४२ वर्षांच्या एक बाई आहेत, बँकेत कॅश काउंटरवर बसतात. त्यांना आपण ताई म्हणू. ताईंना ओटीपोटाच्या अगदी तळाशी दाब जाणवतो. मूत्राशय भरत जाईल तसा तो वाढतो आणि त्याची कळ होते. लघवी करून आल्या की एकदम हलकं वाटतं, पण पाऊण तासानं पुन्हा तेच. रात्री तीनदा उठावं लागतं. काउंटर सोडून सारखं उठता येत नाही म्हणून त्यांनी पाणी पिणं कमी केलं, तर जळजळ आणखीच वाढली. वर्षभरात अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले. त्यातल्या तीन वेळा लघवीच्या कल्चरमध्ये जंतू वाढलेच नव्हते, पण ‘नॉर्मल’ असा शेरा मारलेला कागद कोणी पुन्हा उघडून पाहिला नाही.

भरताना दुखणं आणि रिकामं झाल्यावर ओसरणं ही या आजाराची मुख्य खूण. जंतुसंसर्गात जळजळ मुख्यतः लघवी होताना होते, सोबत ताप किंवा गढूळ, वास येणारी लघवी असू शकते आणि कल्चरमध्ये जंतू सापडतात. ‘ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर’ हा आणखी वेगळा प्रकार. त्यात माणूस धावतो तो लघवी कपड्यात होईल या भीतीनं. आयसीचा रुग्ण धावतो तो दुखणं थांबावं म्हणून. सहा आठवड्यांहून जास्त काळ असं दुखणं आहे आणि त्याला जंतू किंवा दुसरं कारण सापडत नाही, अशा वेळी डॉक्टर या आजाराचा विचार करतात. पुरुषांनाही तो होतो, पण त्यांच्याकडे तो ‘प्रोस्टेटचा त्रास’ म्हणून वर्षानुवर्षं दडून राहतो.

‘दुसरं कारण सापडत नाही’ हे म्हणायला सोपं आहे, पण त्यासाठी शोध नीट घ्यावा लागतो. कल्चरचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी आणि लघवीची मधली धार घेऊन द्यायला हवा. गोळ्या चालू असताना दिलेल्या नमुन्यात जंतू असले तरी वाढत नाहीत. लघवीत पू-पेशी दिसतात पण साध्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, असं असेल तर आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयरोगाची शंका घ्यावीच लागते, आणि त्याची तपासणी वेगळी असते. सोनोग्राफीत खडा दिसतो का, लघवी केल्यावर पिशवीत किती शिल्लक राहते, हेही पाहतात. दर पाळीच्या वेळी दुखणं उसळत असेल तर एंडोमेट्रिऑसिसचा विचार होतो. लघवीत रक्त असेल, किंवा रुग्ण वयस्क आणि तंबाखू-सिगारेट ओढणारा असेल, तर दुर्बिणीनं मूत्राशय आतून पाहणं टाळू नये, कारण मूत्राशयाचा कर्करोगही सुरुवातीला अशीच सोंगं घेतो.

दुर्बिणीचा आणखी एक उपयोग आहे. १९१५ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे स्त्रीरोगतज्ज्ञ गाय हनर यांनी अशा काही बायकांच्या मूत्राशयात लालसर चट्टे पाहून त्यांचं वर्णन लिहिलं. आजही त्यांना ‘हनर लीजन’ म्हणतात. थोड्याच रुग्णांत ते असतात, पण ज्यांच्यात असतात त्यांचे चट्टे दुर्बिणीतून जाळले की पुष्कळदा अनेक महिने आराम पडतो. बाकीच्यांचं मूत्राशय दुर्बिणीत साधारण निरोगीच दिसतं. त्याचा अर्थ दुखणं मनाचं आहे असा होत नाही.

मग दुखतं कशानं? लघवी म्हणजे शरीरानं बाहेर टाकलेल्या क्षारांचं आणि आम्लांचं पाणी. ते तासन्‌तास पिशवीत साठतं, तरी एरवी आतल्या भिंतीला झोंबत नाही, कारण तिच्यावर एक बुळबुळीत संरक्षक थर असतो. आयसीमध्ये हा थर ठिकठिकाणी विरळ होतो, लघवीतले क्षार भिंतीत झिरपतात आणि तिथल्या नसा चिडतात, असा एक प्रमुख तर्क आहे. एकदा चिडलेल्या नसा मग थोड्याशा ताणालाही मोठी कळ पाठवतात. म्हणून निरोगी माणसाला ४०० मिलीलीटरपर्यंत सहज धरवतं, तिथे या रुग्णाला शंभरालाच उठावं लागतं. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते आणि तीच दाट लघवी जास्त झोंबते. ताईंचा हिशेब चुकला तो इथे.

युरॉलॉजिस्टनं ताईंना औषधाआधी एक वही आणि मापाचं प्लास्टिकचं भांडं वापरायला सांगितलं. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मापायची. वेळ, मिलीलीटर, आधी दुखणं दहापैकी किती, नंतर किती, आणि मधे काय खाल्लं-प्यायलं, ते लिहायचं. पहिल्या दिवशी १७ वेळा मिळून सुमारे १७०० मिलीलीटर भरली, म्हणजे प्रत्येक वेळी जेमतेम शंभर. एकूण लघवी जास्त नव्हती, त्यामुळे अति पाणी पिण्यानं किंवा मधुमेहानं सारखं जावं लागतंय ही शक्यता मागे पडली. दुखणं लघवीआधी सहा-सात आणि नंतर दोन-तीन. शिवाय सकाळच्या दोन चहांनंतर आणि दुपारी जेवणावर लिंबू पिळलं त्या दिवशी आकडा आठवर गेलेला.

खाण्याचा संबंध रुग्ण स्वतःच सांगतात. कॉफी, चहा, दारू, सोड्याची पेयं, लिंबू-संत्री, टोमॅटो, तिखट, कृत्रिम गोडवा घातलेले पदार्थ आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या ही नावं पुन्हा पुन्हा येतात. या पदार्थांनी आजार होत नाही, आधीच झालेला आजार ते चेतवतात. आणि सगळे पदार्थ सगळ्यांना बाधत नाहीत. नेमकी इथेच गफलत होते. इंटरनेटवरची लांबलचक यादी छापून फ्रिजवर लावली जाते, सगळं एकदम आणि कायमचं बंद होतं, आणि सहा महिन्यांनी बाई दूध-भातावर येऊन अशक्त होते.

याचा धड मार्ग म्हणजे आधी काढायचं आणि मग एकेक परत आणायचं. ताईंनी चार आठवडे वरचे सगळे संशयित बंद केले. आपल्या स्वयंपाकात ते शोधून काढावे लागतात. आमटीतलं आमसूल किंवा चिंच, पोह्यांवरचं लिंबू, सोलकढी, आंबट ताक, लोणचं, आणि पाण्यात फसफसणारी मल्टिव्हिटॅमिनची गोळी. जेवणात राहिलं ते मुगाचं वरण, भात, ज्वारीची भाकरी, दुधी, लाल भोपळा, काकडी, दूध. पाणी दिवसभर घोटघोट, एका दमात लोटाभर नाही. तिसऱ्या आठवड्यात खेपा १७ वरून ११ वर आल्या.

मग परतीचा प्रवास सुरू झाला. एका वेळी एकच पदार्थ: पहिल्या दिवशी चव घेण्यापुरता, दुसऱ्या दिवशी थोडा जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. दुखणं उसळलं तर थांबायचं आणि पूर्ण शमल्यावरच पुढचा पदार्थ घ्यायचा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात चाचणी करायची नाही, कारण त्या दिवसांत दुखणं आपोआप वाढतं आणि दोष भलत्याच पदार्थावर जातो. ताईंच्या वहीत शेवटी हे उतरलं: भाजीतला शिजलेला टोमॅटो चालतो, माफक तिखट चालतं, नाश्त्यानंतर अर्धा कप चहा चालतो, पण उपाशीपोटी नाही. लिंबू आणि कोकम मात्र मुळीच नाही. उन्हाळीवर म्हणून प्यायलेली दोन्ही सरबतं नेमकी हीच होती.

एवढ्यानं ज्यांना पुरेसा आराम पडत नाही त्यांच्यासाठी औषधं आहेत. अमिट्रिप्टिलिनची लहान गोळी, बहुधा दहा मिलीग्रॅमपासून, रात्री देतात. ही ‘डिप्रेशनची गोळी’ आहे असं वाचून अनेक जण ती परस्पर बंद करतात. इथे ती नसांचा चिडकेपणा उतरवण्यासाठी असते. पेंटोसन हे थर भरून काढण्यासाठीचं औषध दीर्घकाळ घेतल्यास डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून सुरू करण्याआधी आणि पुढेही डोळे तपासावे लागतात. नळीवाटे थेट मूत्राशयात औषध सोडण्याचाही मार्ग आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतील तर ते सैल करायला शिकवणारी फिजिओथेरपी उपयोगी पडते. ‘लघवीचा त्रास म्हणून केगेल कर’ हा मैत्रिणीचा सल्ला मात्र इथे उलटतो, कारण त्या व्यायामानं तेच स्नायू आणखी आवळले जातात. दुखणं शमल्यावर दोन खेपांमधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचं, म्हणजे मूत्राशयाला पुन्हा भरायची सवय होते.

आजार मुळासकट जातो असं सांगणारा उपाय आज नाही. तो कमी-जास्त होत राहतो, मधे महिनोन्‌महिने गप्प बसतो. ताई आता दिवसातून नऊ-दहा वेळा जातात, रात्री एकदाच उठतात. जंतू सापडल्याशिवाय त्यांनी अँटिबायोटिक घेतलेलं नाही.

तुमच्या घरात कोणाला वरचेवर ‘उन्हाळी लागत’ असेल, तर पुढचा कोर्स सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर करून घ्या आणि आधीचे सगळे रिपोर्ट एकत्र काढा. तीन दिवस वही लिहा आणि दोन्ही घेऊन युरॉलॉजिस्टकडे जा. लघवीत रक्त दिसलं, थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर मात्र वही लिहीत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.