आधी आडवे, मग उभे

साध्या पोलादाचा एक चौरस पत्रा घेऊ, बाजू २० सेंटीमीटर. तो सगळा १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला आणि मग चारही कडा एकदम शून्य अंशावर आणून तिथेच धरून ठेवल्या. वरच्या आणि खालच्या अंगाने उष्णता जाणार नाही अशी व्यवस्था केली. पाच मिनिटांनी पत्र्याच्या मध्यावर किती अंश असतील? इतक्या नीटस पत्र्यासाठी कागदावरचे उत्तर आहे, सुमारे २७ अंश. पण पत्र्याच्या एका भागात तांबे बसवले किंवा कडेचे तापमान वेळेनुसार बदलू लागले, की कागदावरचे सूत्र हात टेकते. मग पत्र्यावर जाळी आखून बिंदू-बिंदूचा हिशेब करावा लागतो.

दर २ मिलिमीटरला एक रेघ, अशी आडवी-उभी जाळी आखली तर आत ९९ गुणिले ९९, म्हणजे ९,८०१ बिंदू येतात. उष्णता वाहण्याचा नियम सोपा आहे. प्रत्येक बिंदू आपल्या चार शेजाऱ्यांकडे पाहतो. ते सरासरीने थंड असले तर तोही थंड होतो. सरळ मार्ग असा की शेजाऱ्यांची आत्ताची तापमाने घ्यायची, त्यांच्या बेरजेतून स्वतःच्या तापमानाची चौपट वजा करायची, उरलेल्याला एका गुणकाने गुणून स्वतःत मिळवायचे. हा गुणक पदार्थाच्या उष्णता-प्रसरणाचा दर, काळाचे पाऊल आणि जाळीतले अंतर यांवरून ठरतो. अशा पोलादासाठी तो दर साधारण १२ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद आहे.

गोची इथेच होते. २ सेकंदांचे पाऊल घेतले तर हा गुणक ६ येतो. कोपऱ्यालगतच्या बिंदूचा हिशेब करून पाहा. त्याचे दोन शेजारी कडेवरचे, म्हणजे शून्य, आणि दोन आतले, शंभराचे. १०० अधिक ६ गुणिले (२०० वजा ४००), उत्तर उणे ११००. निरपेक्ष शून्य उणे २७३ अंशांवर आहे, हे पोलादाला माहीत असते, हिशेबाला नसते. पुढच्या पावलात हा आकडा उलट्या चिन्हाने आणखी फुगतो. हे टाळायचे तर गुणक पाव किंवा त्याहून कमी हवा, म्हणजे पाऊल सेकंदाच्या बाराव्या भागाचे. पाच मिनिटांसाठी ३,६०० पावले! जाळी दुप्पट बारीक केली तर बिंदू चौपट आणि पावलेही चौपट, असे काम सोळापट वाढते.

दुसरा मार्ग उलटा विचार करतो. शेजाऱ्यांची आत्ताची तापमाने न घेता पावलाच्या शेवटची, म्हणजे अजून न काढलेली तापमाने समीकरणात लिहायची. याला अव्यक्त पद्धत म्हणतात. आकडे फुगण्याचा धोका जातो, पाऊल कितीही मोठे चालते. किंमत मात्र मोजावी लागते, कारण आता कोणताच बिंदू एकटा सुटत नाही. ९,८०१ समीकरणे एकत्र सोडवावी लागतात आणि प्रत्येकात पाच अज्ञात असतात. बिंदूंना ओळीने क्रमांक दिले तर डावा-उजवा शेजारी लागून येतो, पण वरचा आणि खालचा ९९ घरे दूर पडतो. एकेक अज्ञात काढून टाकत गेलो की मधल्या रिकाम्या घरांत नवे आकडे उगवतात. दहा लाखांच्या आसपास आकडे साठवावे लागतात आणि ही पहिली झाडलोट करायलाच दहा कोटींच्या घरात आकडेमोड होते.

एकच सळई असती तर हा प्रश्नच आला नसता. सळईवरच्या बिंदूला दोनच शेजारी, म्हणून प्रत्येक समीकरणात तीनच अज्ञात आणि तेही लागून. मॅट्रिक्समध्ये मधला कर्ण आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन कर्ण सोडले की सगळीकडे शून्य. असा त्रिकर्णी संच एकदा खाली उतरत आणि एकदा वर चढत सुटतो. ही रीत लेवेलिन थॉमस या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते; त्यांनी ती १९४९ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या वॉटसन प्रयोगशाळेत मांडली. मुळात ती शाळेतली लोप पद्धतच आहे, फक्त शून्यांना हात लावायचा नाही एवढेच.

पत्र्याला सळयांची जुडी कसे करायचे, हे १९५५ मध्ये डोनाल्ड पीसमन आणि हेन्री रॅशफोर्ड यांनी दाखवले. दोघे टेक्सासमधल्या हम्बल ऑइल अँड रिफायनिंग या तेल कंपनीत होते. त्यांना पत्र्याशी देणेघेणे नव्हते. जमिनीखालच्या सच्छिद्र खडकात विहिरीभोवती दाब कसा उतरत जातो, हे त्यांना हवे होते, आणि दाब तिथे जवळपास उष्णतेसारखाच पसरतो.

युक्ती शब्दकोड्यासारखी आहे. पावलाचे दोन अर्धे करायचे. पहिल्या अर्ध्यात आडव्या दिशेचे शेजारी नव्या, अज्ञात तापमानाचे घ्यायचे आणि उभ्या दिशेचे जुन्या, माहीत असलेल्या. मग प्रत्येक आडवी ओळ एक स्वतंत्र सळई होते. दुसऱ्या अर्ध्यात भूमिका बदलायच्या, उभे शेजारी अज्ञात आणि आडवे माहीत. आता प्रत्येक उभी रांग सळई होते.

हातानेच करून पाहू. तोच पत्रा, पण रेघा ५ सेंटीमीटरवर, म्हणजे आत फक्त नऊ बिंदू. पाऊल २०८ सेकंदांचे, साडेतीन मिनिटांना थोडे कमी. त्यामुळे गुणक नेमका १ येतो आणि अर्ध्या पावलात सुटसुटीत नियम मिळतो: स्वतःची चौपट वजा डावा वजा उजवा, हे सगळे नवे, बरोबर जुना वरचा अधिक जुना खालचा.

सर्वांत खालच्या ओळीच्या खाली कड आहे, शून्य, वर शंभर. म्हणून तिच्या तिन्ही समीकरणांची उजवी बाजू १००. बिंदूंना क, ख, ग म्हणू.

```
४क −  ख      = १००
−क + ४ख −  ग = १००
     − ख + ४ग = १००
```

पहिल्यातून क म्हणजे २५ अधिक ख चा चौथा हिस्सा. तो दुसऱ्यात घातला की ३.७५ख − ग = १२५ उरते. यातून ख काढून तिसऱ्यात घातला की एकटा ग राहतो, ३५.७१. आता वर चढायचे: ख ४२.८६, क ३५.७१. सर्वांत वरच्या ओळीचेही हेच. मधल्या ओळीला वरून-खालून शंभर-शंभर आहेत, उजवी बाजू २००, म्हणून तिची उत्तरे दुप्पट: ७१.४३, ८५.७१, ७१.४३.

इथे थांबून पाहा. खालच्या ओळीचा मधला बिंदू ४२.८६ आणि मधल्या ओळीचा डावा बिंदू ७१.४३. पत्रा चौरस आहे, चारही कडा सारख्या आहेत, मग हे दोन बिंदू सारखेच असायला हवेत. तसे ते नाहीत, कारण उभ्या दिशेने झालेली गळती जुन्या, म्हणजे जास्त उष्ण आकड्यांवरून मोजली गेली आणि जास्तच भरली. अर्ध्या पावलाचा आकडा हे तापमान नव्हे, बांधकामातली परांची आहे. नवखा प्रोग्रॅमर हमखास हेच आकडे आलेखात काढतो आणि आपल्या पत्र्याला दिशा कशी काय कळते म्हणून डोके खाजवत बसतो.

दुसरे अर्धे पाऊल उभ्या रांगांचे. डाव्या रांगेच्या उजव्या बाजू ४२.८६, ८५.७१, ४२.८६, उत्तरे १८.३७, ३०.६१, १८.३७. मधल्या रांगेची उत्तरे ३०.६१, ५१.०२, ३०.६१. आता दोन्ही बिंदू ३०.६१ आहेत, सममिती परत आली. कागदावरचे उत्तर या क्षणी मध्यावर ४७ आणि कोपऱ्याच्या बिंदूवर सुमारे २४ सांगते. नऊ बिंदू आणि एकच ढेंग, त्या मानाने ५१ वाईट नाही. कोपऱ्याचे १८ मात्र मला जरा लाजिरवाणे वाटतात. सरळ मार्गाने याच ढेंगेत कोपरा उणे १०० झाला असता.

मग अर्ध्या पावलात जी चूक फुगते ती पुढे कुठे जाते? पुन्हा बारीक जाळी आणि २ सेकंदांचे पाऊल घेऊ. वर-खाली नागमोडी जाणारी एखादी बारीक लहर असेल तर आडव्या ओळी सोडवणारे पहिले अर्धे पाऊल तिला जवळपास ११ पट वाढवते. पण लगेच येणारे उभ्या रांगांचे अर्धे पाऊल तिला १३ ने भागते. अकरा भागिले तेरा, एकाहून कमी. आडव्या लहरीची हीच गत, फक्त क्रम उलटा. पाऊल कितीही मोठे केले तरी भागाकार गुणाकारापेक्षा थोडा वरचढच राहतो. नेहमी आडव्याच ओळी सोडवल्या असत्या तर मात्र दर वेळी ११ पट वाढच मिळाली असती. सारी किमया आळीपाळीची आहे.

खर्च पाहा. एका पूर्ण पावलात ९९ आडव्या आणि ९९ उभ्या सळया, मिळून अडीच लाखांच्या आसपास आकडेमोड. पाच मिनिटांची १५० पावले चार कोटींच्या आत उरकतात, म्हणजे सगळे समीकरण एकत्र सोडवणारा मार्ग आपली पहिली झाडलोटही संपवत नाही तोवर. शिवाय एका वेळी एकच ओळ हातात धरायची असते, आणि १९५५ च्या यंत्रांची स्मृती तुटपुंजी होती.

तरीही ‘पाऊल कितीही मोठे’ या आश्वासनावर फार विसंबू नये. अकरा भागिले तेरा म्हणजे ०.८५, लहर वाढत नाही, पण मरतेही सावकाश, आणि दर पावलाला चिन्ह बदलते. आपल्या पत्र्यात सुरुवातीलाच कडेशी शंभरावरून शून्यावर कडा तुटलेली आहे, आणि असा तुटवडा म्हणजे बारीक लहरींचे आगरच. पहिल्या २ सेकंदांनंतर, कोपऱ्यांपासून दूर, कडेलगतच्या बिंदूंवर हिशेब उणे १३ अंश दाखवतो. पत्र्यात कुठेही शून्याखाली काही नसताना! गंमत म्हणजे अगदी कोपऱ्यावर दोन उणे एकमेकांना गुणून अधिक होतात आणि तिथे सगळे ठीक दिसते. म्हणून फक्त एखाद-दुसरा बिंदू तपासून चालत नाही; सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा दर पावलाला पाहावा. तो सुरुवातीच्या मर्यादेबाहेर गेला की समजावे, पाऊल मोठे झाले. उपाय साधा आहे. सुरुवातीची काही पावले सेकंदाच्या दोन-तीन दशांशांची घ्यावीत, तुटलेली कडा जरा गुळगुळीत होऊ द्यावी, मग ढेंगा टाकाव्यात. आणि शेवटी पाऊल निम्मे करून तोच हिशेब पुन्हा करावा. चूक साधारण चौथ्या हिश्श्यावर यायला हवी. निम्म्यावरच अडली तर बहुधा बदलत्या कडेचे तापमान अर्ध्या पावलासाठी चुकीचे भरलेले असते. परांचीचा आकडा तापमान नसल्यामुळे, कडेलाही तिथे अर्ध्या वेळेचे खरे तापमान नव्हे, दोन्ही अर्ध्या पावलांशी जुळणारा आकडाच द्यावा लागतो.

पत्र्याऐवजी ठोकळा घेतला तर पावलाचे तीन तुकडे करून तिन्ही दिशा आळीपाळीने सोडवाव्यात, असे सहज मनात येते. ते चालत नाही. तीन दिशांमध्ये दर तुकड्याला दोन दिशा जुन्या आकड्यांवर उभ्या राहतात आणि मोठ्या पावलाला हिशेब पुन्हा फुगतो. त्यासाठी जिम डग्लस आणि हेच रॅशफोर्ड यांनी १९५६ मध्ये वेगळी मांडणी दिली. तिच्यात पहिल्या तुकड्यात पूर्ण पावलाचा कच्चा अंदाज काढतात, आणि पुढचे तुकडे एकेका दिशेची जुनी गळती काढून तिथे नवी बसवतात. दर तुकड्यात सळया मात्र त्याच, तीन कर्णांच्या.