बांगडीचे माप मनगटावर नव्हे, मुठीवर

पेणच्या कासार आळीत घ्या किंवा रोह्याच्या बाजारात, काचेच्या बांगडीचे माप एकच चालते. ‘दोन-सहा’ म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर इंचाचे सहा सोळांश, म्हणजे सुमारे 6 सेंटीमीटर. हे माप मनगटाचे नसते. काच ताणत नाही, म्हणून अंगठा तळव्यात दुमडून हाताच्या सर्वांत रुंद भागाभोवती दोरा गुंडाळावा. दोरा 19 सेंटीमीटर भरला, तर 3.14 ने भागून सुमारे 6 येतात, माप दोन-सहा. कासार हात दाबून याहून लहान बांगडीही भरतो, पण घरी स्वतः भरताना तो हिशेब धरू नये.

मग एक माप मोठीच घ्यावी, असे कुणी म्हणेल. भरताना ती सोपी जाते हे खरे, पण सैल बांगडी हातभर सरकते, शेजारणीवर आपटते आणि ओट्याच्या कडेला लागून पिचते. त्यापेक्षा बेताचे माप घेऊन हाताला साबणाचा फेस लावावा आणि एकेक बांगडी न पिळता सरळ सरकवावी. उष्णतेने हात सुजलेला असेल, तर आधी गार पाण्यात धरावा. काचेचा सांधा हा तिचा कच्चा भाग. तिथे बोट फिरवून खरखर लागली, तर ती बांगडी घेऊ नये. ठेवताना कापड गुंडाळलेल्या नळीवर ओवाव्यात आणि डबा आडवा ठेवून वर वजन टाकू नये.