घरपट्टीच्या नोटिशीचे मराठी

इंग्रजी शब्दाला मराठी शब्द लावला की भाषांतर झाले, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. कथा-कादंबरीत तिच्यामुळे फार तर वाचक जांभई देतो. घरपट्टीच्या मागणी नोटिशीत मात्र त्याच्या खिशातून पैसे जातात.

आमच्या सोसायटीत गेल्या ऑक्टोबरात अशा नोटिसा आल्या. संगणकावर छापलेल्या, पूर्ण इंग्रजीत. बत्तीस घरांपैकी अकरा घरांत पहिल्या सहामाहीची घरपट्टी थकली होती. सेक्रेटरी उत्साही तरुण. त्याने शब्दकोश घेऊन रात्रीतून मराठी प्रत तयार केली आणि ‘काका, तुम्ही लिहिणारे, शिवाय बँकेतले, एकदा नजर घाला’ म्हणून माझ्या हाती दिली. तीत ‘सर्व्हिस ऑफ नोटीस’चे ‘सूचनेची सेवा’ झाले होते, ‘अटॅचमेंट’चे ‘जोडपत्र’ आणि ‘वॉरंट ऑफ डिस्ट्रेस’चे ‘संकटाचे अधिपत्र’! वास्तविक पहिली म्हणजे नोटिशीची बजावणी, दुसरी म्हणजे जप्ती आणि तिसरे म्हणजे जप्तीचा हुकूम. आम्ही दोघेही हसलो. पण तळमजल्यावरचे एसटीतून निवृत्त झालेले वाहक काका हसले नाहीत. त्यांनी विचारले, ‘साहेब, एवढंच सांगा, किती भरायचे आणि कधीपर्यंत? एफडी मोडायची का?’

नोटिशीच्या भाषांतराची खरी परीक्षा याच प्रश्नात आहे. म्हणून आधी शब्द बाजूला ठेवून तारखा मांडल्या.

महाराष्ट्रातल्या बहुतेक महापालिकांचा कारभार १९४९ च्या कायद्याने चालतो. तेव्हा त्याच्या नावात ‘मुंबई प्रांतिक’ होते, आज तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याच्या करविषयक नियमांप्रमाणे मालमत्ता कर दोन सहामाही हप्त्यांत आणि तोही आगाऊ द्यायचा असतो : एक हप्ता १ एप्रिलला, दुसरा १ ऑक्टोबरला. ‘आगाऊ’ हा शब्द बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वर्ष मार्चमध्ये संपते, म्हणून घरपट्टीही मार्चअखेर भरायची, असा अनेक घरांचा हिशेब असतो.

आमच्या नोटिशीत पहिल्या सहामाहीसाठी तीन तारखा होत्या. १ एप्रिलला कर ‘ड्यू’ झाला. ३० जूनपर्यंत तो जादा पैसे न देता भरता येत होता. १ जुलैपासून शास्ती सुरू झाली. सेक्रेटरीच्या प्रतीत पहिल्या दोन्हींना ‘देय दिनांक’ म्हटले होते. शब्दकोश त्याला दोष देणार नाही, पण वाचणाऱ्याला एकाच कराच्या दोन देय तारखा दिसतात आणि तो सोयीची धरतो. म्हणून मी ‘देय’ शब्दच काढला आणि लिहिले : ‘कर १ एप्रिलपासून लागू. बिनशास्ती भरण्याचा शेवटचा दिवस ३० जून. १ जुलैपासून शास्ती.’ दुसऱ्या सहामाहीचेही तसेच : १ ऑक्टोबर, ३१ डिसेंबर, १ जानेवारी. या तारखा आमच्या नोटिशीतल्या. आपल्या गावच्या नोटिशीत वेगळ्या असतील, तर त्याच धराव्यात. मात्र तिन्ही वेगवेगळ्या शोधाव्यात.

आता ‘शास्ती’. ‘पेनल्टी’ला सरकारी मराठीत हाच शब्द आहे आणि पावतीवरही तोच असतो. बोलताना आपण ‘दंड’ म्हणतो, पण दंड एकदा भरला की संपतो. ही रक्कम महिन्याला वाढते. आणखी एक घोटाळा आहे. पिंपरी-चिंचवडकडच्या लोकांना ‘शास्तीकर’ ऐकला की धडकी भरते. तो अनधिकृत बांधकामांवरचा वेगळा बोजा होता आणि तिथला तो राज्य सरकारने २०२३ मध्ये माफ केला. आमच्या सोसायटीतल्या एका ताईंचे माहेर तिकडचे. नोटिशीत शास्ती वाचून त्यांना वाटले, आपली इमारतच बेकायदा ठरली! म्हणून मी शब्द ‘शास्ती’च ठेवला, कारण पावतीशी जुळायला हवा. पहिल्यांदा आला तिथे मात्र पुढे लिहिले : ‘शास्ती, म्हणजे उशिराबद्दलची जादा रक्कम’.

दर होता ‘टू पर्सेंट पर मंथ ऑर पार्ट देअरऑफ’, न भरलेल्या कराच्या रकमेवर. सेक्रेटरीने लिहिले होते, ‘दरमहा २ टक्के किंवा त्याचा भाग’. वाचणाऱ्याला वाटावे, कधी दोन टक्के, कधी त्यातले थोडे. अर्थ उलटा आहे : महिन्याचा एक दिवस जरी लागला, तरी पूर्ण महिन्याची शास्ती. आणि ‘कराच्या रकमेवर’ म्हणजे शास्तीवर पुन्हा शास्ती नाही. बँकेच्या भाषेत हे सरळव्याज, चक्रवाढ नव्हे. तरी महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. मुदत ठेव सांभाळण्यासाठी घरपट्टी थकवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार, हे सांगायला बँकेत नोकरी केलेली असावी लागत नाही.

वाहक काकांची नोटीस घेऊन आम्ही गणित मांडले. वर्षाची घरपट्टी १८,००० रुपये, म्हणजे सहामाहीला ९,०००. दोन टक्के म्हणजे महिन्याला १८० रुपये. नोटीस छापल्याची तारीख २५ सप्टेंबर. तोवर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन महिने, म्हणून शास्ती ५४० आणि मागणी ९,५४०. पण नोटीस काकांच्या हाती पडली ६ ऑक्टोबरला. ऑक्टोबर उजाडल्याबरोबर चौथा महिना लागला आणि शास्ती ७२० झाली. म्हणजे ठळक अक्षरात छापलेला आकडा काकांनी पाहिला, तेव्हाच शिळा झाला होता.

तो तेवढाच भरला असता तर? आमच्या नोटिशीच्या मागे बारीक टायपात होते की आलेली रक्कम आधी शास्तीत आणि मग करात जमा होईल. म्हणजे ७२० शास्तीला, उरलेले ८,८२० कराला, आणि कराचे १८० रुपये बाकी. त्यांवर महिन्याला साडेतीन रुपयांच्या आसपास शास्ती. रक्कम किरकोळ, पण ‘थकबाकी’चा शिक्का कायम. घर विकताना किंवा मुलाच्या नावावर करताना ना-थकबाकी दाखला मागितला जातो, तेव्हा हे १८० रुपये आडवे येतात. म्हणून मराठी प्रतीत आकड्याशेजारीच लिहिले : ‘ही रक्कम २५ सप्टेंबरपर्यंतची. भराल त्या महिन्याची शास्ती मिळवून भरा.’

काकांना ऑक्टोबरात भरायचे होते ९,७२०. दुसऱ्या सहामाहीचे ९,००० बिनशास्ती भरायला ३१ डिसेंबरपर्यंत अवकाश होता. एफडी मोडायची गरज नव्हती.

नोटिशीत सवलतीचीही ओळ होती : वर्षाचा कर ३१ मेपर्यंत एकदम भरल्यास ५ टक्के सूट. १८,००० वर ९०० रुपये वाचले असते, अशी हळहळ काकूंनी केली. पण सूट फक्त ‘जनरल टॅक्स’वर होती. घरपट्टी हा एक कर नसून करांची मोळी आहे. सर्वसाधारण कर, पाणी आणि मलनिस्सारणाचे कर, वृक्ष कर, शिवाय राज्य सरकारचा शिक्षण कर, जो महापालिका सरकारसाठी वसूल करते. काकांचा सर्वसाधारण कर ६,००० होता. त्यावर पाच टक्के म्हणजे ३००. भाषांतरात ‘करावर ५ टक्के सूट’ लिहिले की पुढच्या मे महिन्यात खिडकीवर भांडण ठरलेलेच. ‘फक्त सर्वसाधारण करावर’ हे शब्द त्या ओळीतून गळता कामा नयेत.

सर्वांत भीती घातली ती शेवटच्या परिच्छेदाने. ‘बजावणीपासून २१ दिवसांत’ भरणा न झाल्यास जप्तीची कारवाई. सेक्रेटरीने मुदत नोटिशीवरच्या छापील तारखेपासून मोजली आणि १६ ऑक्टोबर काढली. बजावणी म्हणजे नोटीस प्रत्यक्ष पोचणे. काकांनी सही करून ती घेतली ६ तारखेला. ‘पासून’ म्हटले की तो पहिला दिवस सोडून मोजायचे, हा कायद्याचा सर्वसाधारण नियम. ७ ऑक्टोबर हा पहिला दिवस, २७ ऑक्टोबर एकविसावा. अकरा दिवसांचा फरक पडला. नोटीस घेताना पोच देतो त्या कागदावर आणि आपल्या प्रतीवरही तारीख घालावी, ती यासाठी. मात्र या २१ दिवसांत शास्ती थांबत नाही. ही सवड जप्तीपुरती. ‘मुदत’ हा एकच शब्द दोन्हींना वापरला, तर वाचणारा निर्धास्त होऊन बसतो. म्हणून मी एकीला ‘बिनशास्ती मुदत’ आणि दुसरीला ‘जप्तीपूर्वीची मुदत’ म्हटले.

राहता राहिले भरण्याचे मार्ग. नोटिशीत रोख, चेक, ऑनलाइन असे तीन शब्द होते, पण खरी अट कंसात होती : ‘सब्जेक्ट टू रिअलायझेशन’. सेक्रेटरीने केले होते ‘साक्षात्काराच्या अधीन’! आमच्या बँकेत साक्षात्कार व्हायचे, पण चेक वटला नाही की ग्राहकाला. अर्थ एवढाच की चेक वटला तरच रक्कम भरली असे धरणार. परत आला तर कर न भरल्यासारखाच, शास्ती चालू, वर बँकेचा आकार. तेव्हा महिनाअखेरीच्या दिवशी चेक टाकू नये, आठवडाभर आधी द्यावा आणि मागे मिळकत क्रमांक लिहावा. ऑनलाइन भरताना खात्यातून पैसे गेले, पण पावती आली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा भरू नये. यूपीआयने दिलेले पैसे समोर पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत परत यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा दंडक आहे. व्यवहार क्रमांक टिपून करसंकलन कार्यालयात विचारावे. खात्यातून रक्कम कमी झाल्याचा संदेश ही पावती नव्हे.

शेवटी फलकावर लागलेली मराठी प्रत एका पानाची झाली. वरच चार ओळी :

‘आज किती : कर ९,००० + शास्ती ७२० = ९,७२० रुपये (३१ ऑक्टोबरपर्यंत भरल्यास).
उशीर झाल्यास : दर नव्या महिन्याला आणखी १८० रुपये.
जप्ती टाळण्यासाठी : २७ ऑक्टोबरपर्यंत भरा.
कुठे : करसंकलन कार्यालय किंवा ऑनलाइन. पावती घ्या.’

आकडे काकांचे. इतर दहा घरांसाठी त्या जागा रिकाम्या ठेवून सेक्रेटरीने ज्याचे त्याला भरून दिले. खाली एक ओळ मी आग्रहाने घातली : ‘ही प्रत समजण्यासाठी आहे. वाद झाल्यास मूळ इंग्रजी नोटीस ग्राह्य.’ भाषांतरकाराने स्वतःला कायदा समजू नये.

दोन घरांचे म्हणणे होते की कराची आकारणीच चुकली आहे. त्यांना एवढेच सांगितले की हरकतीचा अर्ज दिल्याने शास्तीचे घड्याळ आपोआप थांबत नाही. कोर्टात अपील करायचे, तरी मागितलेली रक्कम आधी जमा करावी लागते. त्यांनी पैसे भरले, ‘हरकत राखून भरणा’ असे पत्र दिले, पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला आणि मग भांडायला मोकळे झाले.