आठवणीचा निरोप नेमका कधी पाठवायचा?

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांचे निरोप ग्रुपवर टाकायचं काम या वर्षी माझ्याकडे आहे. त्यामुळे एक गोष्ट वारंवार दिसते. "नक्की येते" असं लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण प्रत्यक्षात येत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर "यायचंच नव्हतं" असं कुणी म्हणत नाही. कुणी म्हणतं, "अगं, बस चुकली असती." कुणी म्हणतं, "घरी सांगितलं नव्हतं." आणि कुणी म्हणतं, "लक्षातच राहिलं नाही."

ही तीन उत्तरं नीट पाहिली तर निरोपाच्या वेळेचा प्रश्न बराचसा सुटतो. बस आणि घर या अडचणी आदल्या दिवशी सुटू शकतात, त्या दिवशी दुपारी नाही. विसरण्याचं मात्र उलट आहे. आदल्या रात्री कितीही आठवण केली तरी दुसऱ्या दुपारी माणूस विसरतोच. म्हणजे आठवणीच्या निरोपाची कामं दोन आहेत : अडचण सोडवायला वेळ देणं, आणि ऐन वेळी पाय हॉलकडे वळवणं. दोन्ही कामं एका निरोपाने होत नाहीत, कारण त्यांच्या वेळाच वेगळ्या आहेत.

या विषयावर चांगले प्रयोग झाले आहेत. न्यूयॉर्क शहरात किरकोळ गुन्ह्यांसाठी ज्यांना कोर्टात बोलावलं जातं, त्यातले पुष्कळ लोक तारखेला येत नसत. तिथे तारखेच्या 7, 3 आणि 1 दिवस आधी मोबाईलवर निरोप पाठवून पाहिले. निरोप न मिळालेल्यांच्या तुलनेत गैरहजेरी सुमारे एक पंचमांशाने कमी झाली. हा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. पण ते आकडे उचलून आपण कविवाचनाला लावले तर उपयोग नाही. कोर्टात जायचं तर कामावरून रजा काढावी लागते, मुलांना कुणाकडे तरी ठेवावं लागतं. त्या तयारीला आठवडा लागू शकतो. कॉलेज सुटल्यावरच्या कार्यक्रमाला एक संध्याकाळ पुरते. म्हणून दिवस मोजायचे ते कार्यक्रमापासून नाही, तर आपल्या लोकांच्या अडचणीपासून मागे.

उदाहरण घेऊ. समजा, गुरुवारी 3.30 ला कविवाचन आहे, ते 5 ला संपेल, आणि शेवटचा तास 3.10 ला सुटतो. साठ जणांनी नावं दिली आहेत. त्यातले पंचवीस हॉस्टेलचे, वीस बेळगाव शहरातले आणि पंधरा खानापूरकडून बसने येणारे.

पहिला निरोप आधीच्या शुक्रवारी जातो. त्याचं काम फक्त तारीख राखून ठेवण्याचं. तो ग्रुपवर पिन करून ठेवला की वर दिसत राहतो. या निरोपाने कुणी हॉलमध्ये येईल अशी अपेक्षा मात्र धरू नये.

दुसरा निरोप बुधवारी रात्री साडेआठच्या सुमारास. या वेळी फोन हातात असतो, घरची माणसं घरात असतात आणि उद्याचा दिवस अजून बदलता येतो. खानापूरच्या पंधरा जणांसाठी हाच निरोप सगळ्यात महत्त्वाचा. रोजची बस सोडायची तर पुढच्या बसने जायचं हे घरी आजच सांगावं लागतं. गुरुवारी सकाळी सातला तोच निरोप पाठवला तर त्यातले निम्मे बसस्टॉपवर उभे असतील आणि घरी सांगायची वेळ निघून गेलेली असेल.

या निरोपात काय लिहायचं, हेही वेळेइतकंच महत्त्वाचं. अमेरिकेत 2008 मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या प्राथमिक निवडणुकीच्या वेळी डेव्हिड निकरसन आणि टॉड रॉजर्स यांनी एक प्रयोग केला. काही मतदारांना फोन करून विचारलं : किती वाजता मत द्यायला जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असाल? ज्यांच्याशी असं बोलणं झालं, त्यांच्यात मतदान शंभरात सुमारे चार जणांनी वाढलं. गंमत म्हणजे हा परिणाम मुख्यतः एकच मतदार असलेल्या घरांत दिसला. जिथे घरात आणखी मतदार आहेत तिथे "कधी जाऊया?" हे बोलणं बहुधा आपसांत होतच असावं.

आपल्याकडेही तसंच असणार. हॉस्टेलच्या मुली एकमेकींना ओढून आणतात. बसने एकटी येणारी मुलगी मात्र सगळं मनातल्या मनात ठरवत असते. म्हणून बुधवारचा निरोप मी असा लिहीन : "उद्या 3.30, वरचा हॉल, 5 ला संपेल. बसने जाणाऱ्यांनो, नंतर कितीची बस पकडणार? इथेच लिहा. जमत नसेल तर फक्त 'नाही' लिहा." त्या 'नाही'मुळे चहाचे कपही बरोबर मोजता येतात.

तिसरा निरोप गुरुवारी 3.08 ला. वर्ग चालू असताना फोन दप्तरात असतो. तीनच्या आधी पाठवलेला निरोप दप्तर उघडेपर्यंत दहा दुसऱ्या निरोपांखाली जातो. तास सुटताना सगळे फोन काढतात, तेव्हा आपला निरोप वर हवा. इथे लांबलचक आमंत्रण नको : "हॉल उघडलाय. वर्गातून थेट वर या." गेटबाहेर पडलेला माणूस परत येत नाही, म्हणून ही पाच मिनिटं नेमकी साधावी लागतात.

वेळ चुकली की नाही, हे कळतं कसं? व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये आपल्या निरोपाची माहिती उघडली की तो कुणी वाचला हे दिसतं. 3.30 ला ती पाहावी. तिसरा निरोप थोड्यांनीच वाचला असेल तर वेळ चुकली, किंवा लोकांनी ग्रुप म्यूट केला आहे. बहुतेकांनी वाचला आणि तरी आले नाहीत, तर दोष वेळेचा नाही. मग अडचण बसची आहे की कार्यक्रमाची, ते विचारावं लागेल. म्यूट केलेल्यांसाठी ब्रॉडकास्ट लिस्ट चालते, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. नावं घेतानाच नंबर सेव्ह करायला सांगणं बरं.

तीनाच्या पुढे निरोप वाढवू नयेत. जास्त निरोपांनी लोक म्यूट करतात आणि पुढच्या कार्यक्रमाचे निरोपही वाया जातात. दुसरी मर्यादा अशी की ज्याला यायचं आहे त्यालाच आठवण उपयोगी पडते. कविवाचनात ज्याला रसच नाही, त्याला 3.08 चा निरोपही वर आणणार नाही.

पुढच्या कार्यक्रमाची तारीख ठरवताना म्हणूनच आधी एवढं लिहून काढा : आपल्या लोकांची शेवटची बस कितीची, घरी कधी सांगावं लागतं, आणि शेवटचा तास किती वाजता सुटतो. निरोपांच्या वेळा त्यातूनच निघतील.